स्टेशनजवळच्या वन बीएचकेसाठी ब्रोशरचा मथळा आणि पाच-सहा ओळी हव्यात

पाटीपेन्सिल
मंडळी, जरा मदत हवी आहे. माझे धाकटे मामा बदलापूर पश्चिमेला सात गुंठ्यांवर एक छोटी बिल्डिंग बांधतायत. स्टिल्टवर चार मजले, मजल्याला चार, एकूण सोळा फ्लॅट, सगळे वन बीएचके. लिफ्ट आहे. क्लब हाऊस, जिम, पोहायचा तलाव यातलं काही नाही. मामा आत्तापर्यंत लोकांच्या बंगल्यांची कंत्राटं घ्यायचे, स्वतःची बिल्डिंग ही पहिलीच. भाचा मराठीत एमए, म्हणून ब्रोशरचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. छपाईवाल्याने त्याच्याकडचा तयार मजकूर दिलाय, तो असा:

"स्वप्नातलं घर आता निसर्गाच्या कुशीत! रिव्हर व्ह्यू हाइट्स. स्टेशनपासून फक्त ५ मिनिटांवर! प्रशस्त १ बीएचके, ५७५ चौ. फूट. उल्हास नदीचं विहंगम दर्शन, २४ तास पाणी, सुसज्ज जीवनशैली. मर्यादित फ्लॅट शिल्लक, आजच भेट द्या!"

वाचून मळमळलं, पण स्वतः लिहायला बसलो तर मलाही "स्वप्न"च सुचतं. घेणारा माणूस साधारण असा: कल्याण-डोंबिवलीत भाड्याने राहणारा, नवराबायको दोघं नोकरीला, एक मूल, पहिलंच घर. काय लिहाल?

खवचट_खान्देशी
चार मजल्यांना "हाइट्स"? मग आमचं जळगावचं माळवद एव्हरेस्ट.
आणि सोळातला एकही विकला गेलेला नसेल तर "मर्यादित शिल्लक" म्हणजे मर्यादा सोळाच का?

सुलभा_डोंबिवली
अरे बाळा, तू ज्यांच्यासाठी लिहितोयस त्यातलीच मी एक होते. १९९८ साली घर शोधताना आम्ही तेरा ब्रोशरं गोळा केली होती. प्रत्येकात निसर्ग आणि प्रत्येकात पाच मिनिटं. ह्यांनी शेवटी एक युक्ती केली. ब्रोशर खिशात, हातात भरलेली भाजीची पिशवी, कडेवर धाकटी, आणि संध्याकाळी साडेसातला स्टेशनवरून चालत निघायचं. पाच मिनिटांवरच्या एका घरी आम्ही बावीस मिनिटांनी पोचलो. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काकू, तुम्ही फार हळू चालता."
तेव्हा आधी तू स्वतः चालून ये, मग मथळा सुचेल.

रोखठोक_राणे
सध्या तिकडे रेट काय चाललाय? इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन ठेवावं का?

पाटीपेन्सिल
@रोखठोक_राणे, दादा, मी विकत नाहीये, फक्त लिहितोय.
@सुलभा_डोंबिवली, शनिवारी जाऊन येतो. भाजीची पिशवी आईकडून घेतो.

मोजपट्टी
एका आर्किटेक्टच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे काढतेय, म्हणून मथळ्याआधी दोन प्रश्न.

पहिला, महारेराचा नोंदणी क्रमांक आला का? आला नसेल तर मथळा, मजकूर, व्हॉट्सॅपवरचा फोटो, काहीच बाहेर जाऊ देऊ नका. नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. क्रमांक आल्यावर तो आणि महारेराच्या वेबसाईटचा पत्ता जाहिरातीत हवाच. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. छपाईवाल्याला सांगा, त्या कोडसाठी आत्ताच जागा सोड, नाहीतर शेवटी तो घडीवर येतो आणि मग स्कॅन होत नाही. आमच्याकडे एका पक्षकाराची दोन हजार पत्रकं अशीच रद्दीत गेली.

दुसरा, ५७५ हा आकडा कुठून आला? मंजूर नकाशात कार्पेट किती आहे ते बघून इथे टाका.

गुंठामंत्री
@मोजपट्टी, ताई, उगाच घाबरवू नका त्याला. छोट्या बिल्डिंगला रेरा लागतच नाही. आमच्या गावात दोन बिल्डिंगी झाल्या, कोणी नंबर विचारला नाही.

मोजपट्टी
@गुंठामंत्री, तुमचं अर्धं बरोबर आहे. सूट आहे, पण ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर. इथे सात गुंठे म्हणजे ७०८ चौरस मीटर आणि फ्लॅट सोळा. दोन्हीकडून बाहेर. तुमच्या गावातल्या बिल्डिंगी सहा-सहा फ्लॅटच्या असतील.

गुंठामंत्री
एक सहाची, एक बाराची. बाराचीचा प्लॉट चार गुंठे असेल. बघून सांगतो.

टोकियोतला_पुणेकर
मिनिटांवरून आठवलं. इथे जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत "स्टेशनपासून चालत ७ मिनिटं" असं असतं आणि ते बिल्डरच्या मनावर नसतं. हिशेब ठरलेला: ८० मीटरला एक मिनिट. अंतर रस्त्याने मोजायचं, सरळ रेषेत नाही. आणि ८१ मीटर झाले की दोन मिनिटं लिहायची, खाली उतरवायचं नाही. त्यात सिग्नलला थांबणं आणि चढ मात्र धरत नाहीत. माझं घर कागदावर नऊ मिनिटं, चढामुळे रोज बारा. तरी मी बिल्डरला शिव्या देत नाही, कारण नऊ कसे आले ते मला माहीत आहे.

खवचट_खान्देशी
पुणेकर टोकियोत जाऊन चढाची तक्रार न करता राहतोय, हीच मोठी बातमी.

अनुस्वार
मला "फक्त" या शब्दाबद्दल लिहायचंय. जिथे लिहिणाऱ्यालाच शंका असते तिथेच "फक्त" येतो. दादर स्टेशनसमोरच्या हॉटेलला "स्टेशनपासून फक्त" असं लिहावं लागत नाही. "प्रशस्त"चं तेच. मोठा हॉल असेल तर माणूस मापं लिहितो, नसेल तर प्रशस्त लिहितो. "सुसज्ज जीवनशैली" म्हणजे काय ते मात्र पंचवीस वर्षं मराठी शिकवूनही कळलं नाही.

हेंद्रेपाडा_हरी
"उल्हास नदीचं विहंगम दर्शन" वाचून हसू आलं. मी पश्चिमेलाच राहतो, तळमजल्यावर. २००५ ला दर्शन झालं, २०१९ ला झालं. २०१९ ला ती महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली त्या रात्री आमचा फ्रिज हॉलमध्ये तरंगत फिरत होता. नदी आमच्याकडे दर्शन द्यायला येत नाही, मुक्कामाला येते.

तुमच्या मामांचा प्लॉट नक्की कुठे ते विचारत नाही, पण बदलापूर पश्चिमेत "रिव्हर व्ह्यू" वाचलं की इथला माणूस पहिल्यांदा पुराचंच विचारतो. बाहेरच्याला आकर्षण, इथल्याला धसका. आणि तुमचे अर्धे गिऱ्हाईक इथलेच भाडेकरू असणार.

रोखठोक_राणे
मग पूर्वेला रेट काय आहे?

मोजपट्टी
@हेंद्रेपाडा_हरी यांचं म्हणणं गंभीरपणे घ्या. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी. परवानगी मिळालीय म्हणजे निळीच्या बाहेर असणार असं धरू, पण लालच्या आत की बाहेर, हे मामांनी कागद बघून सांगावं. ते कळेपर्यंत ब्रोशरमधून नदी काढा.

पाटीपेन्सिल
शनिवार झाला. सगळं सांगतो.

सकाळी पावणेआठला पुलाच्या पश्चिमेकडच्या शेवटच्या पायरीपासून चालायला लागलो. फोनवर अंतर ९४० मीटर, वेळ बारा मिनिटं चाळीस सेकंद. संध्याकाळी पिशवी घेऊन (दोन किलो बटाटे, एक कोबी) पंधरा मिनिटं, कारण रस्त्याच्या दोन्ही कडांना भाजीवाले आणि मधून रिक्षा. पावसाळ्यात सोळा धरा. टोकियोच्या हिशेबाने ९४० भागिले ८०, पावणेबारा, म्हणजे बारा.

मग मामांना विचारलं, तुमची पाच मिनिटं आली कुठून? मामा म्हणाले, "चल दाखवतो." बिल्डिंगच्या मागून निघालो, दोन प्लॉटांमधून गेलो, रेल्वेच्या भिंतीपाशी आलो. भिंतीत एक फट आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. कडा अगदी गुळगुळीत झाल्यात, इतकी ये-जा. फटीतून पलीकडे खडी, रूळ, आणि समोर प्लॅटफॉर्मचं टोक. मामा घड्याळ दाखवत म्हणाले, "बघ, चार मिनिटं पन्नास सेकंद. सगळे इथूनच जातात."

मी गप्प बसलो. तेवढ्यात कर्जतहून येणारी गाडी भोंगा वाजवत गेली आणि मामाही गप्प झाले.

सुलभा_डोंबिवली
देवा. कडेवर लेकरू घेऊन कोण जाणार त्या फटीतून?

चाकरमानी६८
सगळेच जातात काकू, हेच तर दुःख आहे. बावीस वर्षं बदलापूर-सीएसएमटी करतोय. आमच्या ग्रुपमधला एकजण असाच गेला, कानात गाणी होती. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण व्यवहाराचं बोलायचं तर रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे आणि रेल्वे ती फट कधीही बुजवते. आमच्या बाजूची दोनदा बुजवली, तिसऱ्यांदा वर लोखंडी जाळीसुद्धा लावली. ज्या दिवशी बुजेल त्या दिवशी तुमच्या पाच मिनिटांची बारा होतात आणि ब्रोशर मात्र लोकांच्या कपाटात तसंच राहतं.

मोजपट्टी
आणि कपाटातलं ब्रोशर कामाला येतं, हे मामांना सांगा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत. तळाला बारीक टायपात "चित्र काल्पनिक" छापलं की सुटलो, असं समजू नये.

कार्पेट कळलं का?

पाटीपेन्सिल
हो ताई, नकाशात ३८ चौरस मीटर लिहिलंय. बाल्कनी ३ चौरस मीटर वेगळी. मामा म्हणतात ५७५ हे "सेलेबल", त्यात जिना, लिफ्ट, सगळं येतं. आणि मी टेप लावून सगळ्या खोल्या मोजल्या तर बेरीज ३९७ चौ. फूट आली, ती कशातच बसत नाही. काहीतरी चुकतंय का?

मोजपट्टी
काही चुकलेलं नाही, तुम्ही छान मोजलंत. ३८ ला १०.७६४ ने गुणा, ४०९ चौ. फूट. हे रेराचं कार्पेट. यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, पण घरातल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी धरतात. तुम्ही टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लावलीत म्हणून ती जाडी सुटली. वन बीएचकेत अशा भिंतींची जागा दहा-बारा चौ. फूट असते. ३९७ आणि ४०९ मधला फरक तेवढाच.

५७५ म्हणजे ४०९ वर चाळीस टक्के चढवलेले. विक्री कार्पेटवरच होते, करारातही कार्पेटच येणार. ब्रोशरात ५७५ वाचून आलेला माणूस करारात ४०९ बघतो तेव्हा त्याला वाटतं फसवलं, आणि मग पुढच्या प्रत्येक कागदावर तो संशयाने सही करतो. पहिल्यापासून ४०९ लिहा.

गुंठामंत्री
पण शेजारचा ५७५ लिहिणार आणि तुम्ही ४०९. गिऱ्हाईक कुठे जाईल?

मोजपट्टी
हा प्रश्न खरा आहे. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी असते तर खोल्यांची मापं छापली असती. शेजारी मापं छापत नाही.

अनुस्वार
हेच! पाटीपेन्सिल, खोल्यांची मापं टाक बघू. आणि मापं नुसती नको, त्या खोलीत काय मावतं ते सांग.

पाटीपेन्सिल
हॉल १० बाय १५, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम १० बाय ११. बाथरूम आणि संडास वेगवेगळे. मधे छोटा पॅसेज.

काल रिकाम्या बेडरूममध्ये खडूने डबल बेड आणि कपाट आखून बघितलं. बेड साडेसहा बाय पाच, कपाट चार फुटी. दार पूर्ण उघडतं, बेडच्या पायथ्याशी माणूस वाकून कपाटाचा खालचा कप्पा काढू शकतो. मात्र कपाट खिडकीच्या बाजूला लावलं तर दार अर्धंच उघडतं. स्वयंपाकघरात ओटा सात फुटांचा, फ्रिज मावतो, डायनिंग टेबल अजिबात नाही. वॉशिंग मशीनला बाल्कनीत नळ काढलाय.

सुलभा_डोंबिवली
बाळा, हा तुझा मजकूर! "दार पूर्ण उघडतं" हे वाक्य १९९८ साली एका तरी ब्रोशरात असतं तर आमचं सागवानी कपाट आज गॅलरीत भिजत पडलं नसतं.
बाथरूम-संडास वेगळे आहेत हे वर लिही. सकाळी दोघांना एकच लोकल गाठायची असते.

चाकरमानी६८
मथळा सुचवतो. माझ्या मते स्टेशनजवळच्या घराचं खरं सुख सकाळी नाही, रात्री कळतं. शेवटच्या गाड्यांना उतरलं की स्टँडवर एक तर रिक्षा नसते, असली तर शेअर भरेपर्यंत हलत नाही. तेव्हा:

"शेवटच्या लोकलने उतरलात तरी घर पायी गाठता येतं."

टोकियोतला_पुणेकर
वा! याच्यापुढे मिनिटांचा आकडा फिका आहे.

केतकी_नाईटशिफ्ट
मथळा छान आहे. पण मी रात्री पावणेबाराला उतरते आणि मी बाई आहे. हे वाक्य वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, रस्त्यावर दिवे आहेत का? दुकानं किती वाजता बंद होतात? दुकानाचं शटर बंद झालं की त्याच्या पुढ्यातला दिवाही जातो. पाटीपेन्सिल, सकाळ-संध्याकाळ चालून आलात, आता एकदा रात्री चालून बघा.

खवचट_खान्देशी
भाच्याला एमए केल्याचा पश्चात्ताप होत असणार.

पाटीपेन्सिल
गेलो होतो काल, बारा वाजून दहाला. केतकीताई, तुमचं बरोबर आहे. पहिले सहाशे मीटर उजेड आहे, एक मेडिकल आणि एक अंडाभुर्जीची गाडी चालू असते. त्यानंतर वळण घेतलं की ओळीने तीन खांबांवरचे दिवे बंद. कुत्री सात. मामांनी सोसायटीच्या फाटकावर दिवा लावायचं कबूल केलंय, पण ते वळण नगरपालिकेचं. अर्ज देतो म्हणालेत. दिवे लागेपर्यंत हा मथळा वापरायला मला धीर होत नाही.

चाकरमानी६८
मान्य. मला इतकी वर्षं हा प्रश्न पडलाच नव्हता.
मग गाडीचं लिहा. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत, ते डोंबिवलीच्या माणसाला ओढणारं आहे. त्याला दारात लटकायची सवय.

केतकी_नाईटशिफ्ट
पण सकाळी त्यातही लोक आधीच्या स्टेशनांवरून बसूनच येतात, डाऊन करून. बसायला मिळेल असं लिहू नका, "इथून सुटते" एवढंच लिहा.

पाटीपेन्सिल
आतापर्यंतचा खर्डा. बिनधास्त फोडा.

"बदलापूर पश्चिम. स्टेशनच्या पुलापासून चालत १२ मिनिटं.

सोळाच घरं, सगळी एक बेडरूमची. ४०९ चौ. फूट कार्पेट, बाल्कनी वेगळी.
बेडरूममध्ये डबल बेड आणि कपाट लावूनही दार पूर्ण उघडतं. ओटा सात फुटांचा. बाथरूम आणि संडास वेगळे, वॉशिंग मशीनचा नळ बाल्कनीत.
लिफ्ट आहे, स्टिल्टमध्ये पार्किंग आहे. क्लब हाऊस नाही, म्हणून त्याचा मेन्टेनन्सही नाही.
मुंबईकडे जाणाऱ्या बदलापूर लोकल इथूनच सुटतात.
येताना टेप घेऊन या."

अनुस्वार
"येताना टेप घेऊन या" याला दहापैकी दहा. "क्लब हाऊस नाही" मात्र छपाईवाला छापणार नाही, पैज.

सुलभा_डोंबिवली
पाण्याचं काय झालं रे? चोवीस तास होतं ना?

पाटीपेन्सिल
जीवन प्राधिकरणाची जोडणी आहे, पण चोवीस तास पाणी असतं ते गच्चीवरच्या टाकीत. नळाला वेळेवरच येतं. म्हणून काढून टाकलं.

हेंद्रेपाडा_हरी
नदी काढलीत, चांगलं केलंत. पण पुराचं विचारायला लोक येणारच. तेव्हा मामा काय सांगणार?

पाटीपेन्सिल
मामा म्हणतात प्लॉट लाल रेषेच्याही बाहेर आहे. कागद मी अजून पाहिलेला नाही, मागितलाय. तोवर बिल्डिंगच्या नावातून "रिव्हर" काढायला राजी झालेत. "हाइट्स" सोडायला तयार नाहीत.

गुंठामंत्री
बघून आलो. बाराची बिल्डिंग साडेपाच गुंठ्यांत आहे. म्हणजे लागतच होता नंबर. आता काय करायचं?

मोजपट्टी
@गुंठामंत्री, त्यासाठी वेगळा धागा काढा. लवकर काढा.

रोखठोक_राणे
४०९ ला किती सांगतायत?

पाटीपेन्सिल
रेराचा क्रमांक अजून यायचाय, त्यामुळे छपाई थांबवली आहे आणि दरही तोवर कोणाला सांगणार नाही, राणेदादा. मामांना बारा मिनिटं अजून पचलेली नाहीत, शेजारच्या होर्डिंगवर चार लिहिलंय. मात्र परवा ते स्वतःहून वळणावरच्या खांबांचे नंबर लिहून घेऊन नगरपालिकेत गेले.

छपाईवाल्याचा आत्ताच फोन आला होता. पहिल्या ओळीत जागा उरतेय म्हणाला, १२ च्या आधी "फक्त" टाकू का?